आत्याच्या छातीचे कागद

माझ्या आत्याच्या हृदयाचा सहा वर्षांपूर्वीचा ईसीजी मूर्तिजापूरजवळच्या तिच्या घरी, पत्र्याच्या पेटीत, सातबारा आणि रेशनकार्डाच्या मधोमध जपून ठेवलेला होता. तो पूर्ण काळा होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, तव्यासारखा काळा. हे मला कळलं तेव्हा तिच्या ऑपरेशनला आठवडाही उरला नव्हता.

त्या थंडीतले ते दिवस आठवायला बसले की सगळं जरा धूसर दिसतं. सकाळचं धुकं तुरीच्या शेतांवर बसलेलं, आणि त्यातून कुणीतरी विहिरीवरची मोटार सुरू केल्याचा आवाज येतोय, एवढंच आधी आठवतं. पण कागदांचं जे झालं ते मी नीट क्रमानं सांगते, कारण ते कुणाच्याही घरात होऊ शकतं.

आत्याच्या पित्ताशयात खडे झाले होते. चार महिने ती फोडणीचा वासही टाळून जगत होती. दुखणं उठलं की उजव्या बरगडीखाली हात दाबून ओट्याशी वाकून उभी राहायची आणि विचारलं तर म्हणायची, गॅस हाय. शेवटी अकोल्याच्या एका दवाखान्यात ऑपरेशनचा गुरुवार ठरला. त्याआधीच्या तपासण्यांत ईसीजी काढला आणि सगळं अडलं. तिथले डॉक्टर म्हणाले, हृदयातली वीज दोन वाटांनी जाते, त्यातली डावी वाट बंद दिसते. हे नवं असेल तर भूल देणं धोक्याचं, आधी नागपूरला जाऊन अँजिओग्राफी करा. जुनंच असेल तर गोष्ट वेगळी. जुना ईसीजी आहे का?

मी तेव्हा अमरावतीत, आमच्या आरोग्य हक्काच्या संघटनेच्या खोलीत, पत्रकांच्या घड्या घालत होते. त्या आठवड्याचं पत्रक मीच लिहिलं होतं. एका आरोग्य केंद्रातली डॉक्टरची जागा कित्येक महिने रिकामी होती, आणि डॉक्टरऐवजी तिथे एक पडदा बसवला होता. बटण दाबा, दूरचा डॉक्टर बोलेल. मी लिहिलं होतं, 'पडद्याला नाडी कळत नाही. आम्हाला खुर्चीत बसलेला माणूस हवा.' ते वाक्य मला फार आवडलं होतं. आजही आवडतं.

तेवढ्यात मामाजींचा फोन आला. मामाजी म्हणजे आत्याचे यजमान.

"तुले मोबाईलमधलं समजते ना?"

"काय झालं?"

"तुयी आत्या नागपूरले जायाले तयार नाई. म्हणते मेली तरी जाणार नाई. मंग म्या म्हतलं, सहा वर्षांपयले अमरावतीले जिनं पाह्यलं होतं तिलेच विचारू. तं ते डॉक्टरबाई आता नागपूरले मोठ्या दवाखान्यात गेली. पण मोबाईलवर भेटते म्हणते."

मी हातातल्या पत्रकाची घातलेली घडी पुन्हा उघडली.

"काहून, तुया पत्रकात बसत नाई का हे?" मामाजींनी विचारलं. ते माझी पत्रकं वाचतात, ही मला तोवर आनंदाची गोष्ट वाटत होती.

मूर्तिजापूरच्या एसटीत बसून मी वेळ घेतली. खिडकीबाहेर पिवळ्या फुलांची तूर मागे सरकत होती आणि हातातल्या पडद्यावर एक गोल फिरत होता. मोबाईल नंबर टाकला, ओटीपी आला, तो टाकेपर्यंत रेंज गेली. बडनेऱ्याच्या पुढे रेंज आली तेव्हा ओटीपी शिळा झालेला. पुन्हा मागवला. डॉक्टरबाईंचं नाव सापडलं, सोमवारी दुपारी तीनची वेळ मोकळी होती. दाबणार, तेवढ्यात वर लिहिलेलं दिसलं. पेशंट: माझं नाव. वय सव्वीस. खातं माझं, म्हणून आजार माझा, असं त्या यंत्रानं धरून चाललं होतं. तसंच पुढे गेले असते तर डॉक्टरांचं पत्रही माझ्याच नावानं आलं असतं, आणि अकोल्यात त्याला कुणी विचारलं नसतं. 'कुटुंबातील व्यक्ती जोडा' असं खाली, बारीक अक्षरात, इंग्रजीत होतं. तिथे आत्याचं नाव घातलं, अकोल्याच्या फाइलवर आहे अगदी तसंच. वय अठ्ठावन्न.

मग मेसेज आला. वेळ नक्की झाली, लिंक सोमवारी येईल, जुने रिपोर्ट आदल्या दिवसापर्यंत अपलोड करा, पीडीएफ किंवा फोटो, प्रत्येक फाइल पाच एमबीच्या आत. सगळं इंग्रजीत. मला राग आला आणि तो मी गिळला नाही, वहीत लिहून ठेवला. ज्या बाईला भाची नाही, किंवा भाची आहे पण इंग्रजी वाचत नाही, तिनं या गोलाकडे बघत किती वेळ बसायचं? बाजूच्या सीटवरच्या आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. बहुतेक मी हे मोठ्यानं म्हटलं असावं.

आत्याचं घर गावाच्या कडेला, मागे तिची वांगी-सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, दोन एकर. पलीकडून बंद पडलेल्या छोट्या गाडीचे रूळ जातात. त्यांच्यावर बाभळी उगवल्यात, आणि दुपारी शेळ्या त्या रुळांवरून अशा संथ चालत जातात की गाडीच येतेय असं वाटतं. आत्या दारात बसून सांभाराच्या जुड्या बांधत होती. मला पाहून उठली नाही. एरवी उठते.

"आली का माय, मोर्चा घेऊन?"

"एकटीच आले."

"बरं केलं. चहा मी तुले देते, मले पेवासा वाटत नाई." मग हळूच, मामाजी ऐकणार नाहीत अशा बेतानं म्हणाली, "नागपूरले नको नेऊ मले. मायी मोठी बहीण तिथूनच गेली. छातीत नळी घालतो म्हणले अन् गेली."

मी म्हटलं, बघू.

मामाजींनी पेटी काढली. मामाजींचा कागदांवर एक खास जीव आहे. फार वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात घर गळलं, पेटीत पाणी गेलं आणि शाळेचे दाखले, रेशनकार्ड, जमिनीचे कागद सगळ्यांचा लगदा झाला. ते पुन्हा काढायला त्यांनी तहसीलचे इतके खेटे घातले की तेव्हापासून महत्त्वाचा कागद हाती आला की ते तडक मूर्तिजापूरच्या झेरॉक्सच्या दुकानात जातात आणि लॅमिनेशन करून आणतात. त्यांच्या पेटीत हात घातला की खळखळ आवाज येतो. लग्नाची पत्रिकाही प्लॅस्टिकमध्ये आहे. गावातली अर्धी माणसं त्यांच्याकडूनच हे शिकली.

"पाह्य," ते म्हणाले, "एक कागद इकडचा तिकडं नाई."

त्या पेटीतून त्यांनी ती काळी पट्टी काढली. दोन्ही हातांनी, पूजेतली वस्तू काढावी तशी.

"हे काय?"

"छातीची पट्टी. अमरावतीची. मशिनीतून निंघाली तं काळी झाली. म्या म्हतलं, एक्स-रे असते ना काळा, तसंच असन हे." त्यांनी ती दाराच्या उजेडाकडे धरली. "बारकाईनं पाह्यलं तं काही दिसते कधीकधी."

काही दिसत नव्हतं. ईसीजीचा कागद उष्णतेनं उमटणारा असतो. यंत्रातली गरम सुई त्यावर रेघ काढते. लॅमिनेशनच्या गरम रुळातून तो गेला की आख्खा कागदच उमटतो. आत्याच्या हृदयाचे सगळे ठोके एकमेकांवर चढून काळे झाले होते. हे मामाजींना सहा वर्षांपूर्वी कुणी सांगितलं होतं? दवाखान्यानं कागद हातात दिला, पावती दिली, 'सांभाळून ठेवा' म्हणून सांगितलं. माणसानं त्याला येत होतं तसं सांभाळलं. मला ओरडायचं होतं, पण ज्यांच्यावर ओरडायचं ते तिथे नव्हते.

"वाया गेलं का?" मामाजींनी विचारलं.

"झेरॉक्स काढली होती आधी?"

"प्लॅस्टिक केल्यावर झेरॉक्स कायले लागते?"

आत्या दारातून म्हणाली, "मायं काळीज काळं हाय हे ह्यायले लगनापासून मालूम होतं. आता पुरावा भेटला."

मामाजी हसले नाहीत. पट्टी मांडीवर ठेवून बसून राहिले.

रविवारी सकाळी मी बाकीचे कागद अंगणात, पिंपळाच्या सावलीत, एका खाटेवर मांडले. उन्हात ठेवले तर प्लॅस्टिक चमकायचं आणि अक्षरांच्या जागी आकाश यायचं. फ्लॅश लावला तर मधोमध पांढरा डाग. सावलीत, फोन सरळ वर धरून, चारही कोपरे दिसतील असे फोटो काढावे लागले. अकोल्याचा नवा ईसीजी, हृदयाची सोनोग्राफी म्हणजे टूडी इको, रक्ताचे रिपोर्ट, पोटाची सोनोग्राफी, रोजच्या बीपीच्या गोळीची चिठ्ठी. आणि अमरावतीचं डिस्चार्ज कार्ड, तेही प्लॅस्टिकमध्ये. पुढच्या बाजूला नाव, भरतीची तारीख, मागच्या बाजूला पथ्य, मीठ कमी. दोन्ही बाजूंचे फोटो काढले. प्रत्येक फाइलला तारीख आणि कशाचा कागद ते नाव दिलं, जुनं आधी, नवं नंतर, आणि एकेक करून वर चढवल्या. इकोची फाइल मोठी झाली म्हणून परत आली. ती लहान करून पाठवली. शेवटची फाइल गेली तेव्हा हिरवी खूण आली आणि मला, कबूल करते, एखादं निवेदन जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात दिल्यासारखं वाटलं. निवेदनांचं पुढे काय होतं ते मला माहीत आहे. तरी वाटलं.

सोमवारी पावणेतीनला आम्ही शेतात गेलो. घरात रेंज एका दांडीची. शेतात, मोटारीच्या खोलीजवळ कडुनिंबाखाली, चार दांड्या. मामाजींनी दुपारभर मोटार बंद ठेवली, आवाज नको म्हणून. खाट नेली, आत्याला बसवलं, तोंडावर उजेड येईल अशी. तिनं नवं लुगडं नेसलं होतं.

"कायले एवढं?" मामाजी म्हणाले. "डॉक्टर तुले पाहायले येते का वरात पाहायले?"

"नागपूरची हाय म्हणते ना. वांग्यातली बाई दिसायले नको."

लिंक दाबली. पडद्यावर आम्ही तिघं दिसलो आणि खाली लिहून आलं, डॉक्टर लवकरच येतील. तीन वाजले, तीन दहा झाले. ती वाट पाहणं मला आजही एखाद्या स्वप्नातल्यासारखं आठवतं. कडुनिंबाची पानं एकेक करून खाटेवर पडत होती. पडद्यातही पडत होती, क्षणभर उशिरा. आत्या स्वतःच्याच चेहऱ्याकडे बघत होती. इतका वेळ स्वतःकडे बघायची तिला सवय नव्हती. "म्हातारी झाली मी," ती म्हणाली. मामाजींनी तिच्या मांडीवर पडलेलं पान उचलून टाकलं. दूर कुठेतरी मुंबईकडे जाणारी गाडी शिटी देत गेली.

मग आमच्याजागी डॉक्टरबाई आल्या. चष्मा, मागे पांढरी भिंत. आधी नाव विचारलं, वय विचारलं, सोबत कोण आहे ते विचारलं. सहा वर्षांपूर्वीची आत्या त्यांना आठवत नव्हती, आणि ते त्यांनी सरळ सांगितलं. "अमरावतीचं रेकॉर्ड माझ्याजवळ नाही. तुम्ही पाठवलं तेच माझ्यासमोर आहे."

धाप लागते का? छातीत दुखतं का? कधी चक्कर येऊन पडलात?

"सहा वर्षांपयले पडली होती एकदा. कापूस वेचतानी. उपाशी होती. तवाच तुमी भरती केलं होतं."

"त्यानंतर?"

"नाई."

"जिना चढता?"

"जिना नाई आमच्या इथं. पण भाजीचं गाठोडं डोक्यावर घेऊन इथून सडकेपर्यंत जाते. रोज."

"किती लांब आहे सडक?"

मामाजी मध्येच म्हणाले, "अर्धा कोस असन. अन् मी मांगून सायकलनं जातो तं माह्यापेक्षा आधी पोचते."

डॉक्टरबाई पहिल्यांदा हसल्या. मग खाली बघून काहीतरी उघडलं. "इको चांगला आहे. हृदयाची ताकद ठीक आहे. पण या नव्या ईसीजीत जे दिसतंय ते आधीपासून होतं का, हे मला बघावं लागेल. जुना ईसीजी दिसत नाहीये यात."

मामाजींनी खिशातून काळी पट्टी काढून पडद्यासमोर धरली. मी सांगितलं नव्हतं. पडदा काळा झाला.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "लॅमिनेट केलंत?"

"हाव." मामाजींचा आवाज अगदी बारीक झाला होता. "सांभाळून ठेवा म्हणले होते."

"असू द्या. तुम्ही एकटे नाही, माझ्याकडे दर महिन्याला येते अशी एखादी पट्टी." त्या पुन्हा खाली बघू लागल्या. "डिस्चार्ज कार्डाची आतली पानं कुठे आहेत? तुम्ही बाहेरच्या दोनच बाजू पाठवल्यात. आम्ही ईसीजीचं निदान आत लिहायचो."

आत. मी खाटेवरचं कार्ड उचललं. सहा वर्षांपूर्वी ते दुमडलेलंच यंत्रात गेलं होतं. पुस्तकासारखं मिटलेलं, आणि चारही कडांनी प्लॅस्टिकनं चिकटलेलं. रविवारी मी ते हातात घेऊन दोन्ही बाजूंचे फोटो काढले होते, सरळ, कोपऱ्यांसकट, आणि त्याला आतली बाजू असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. झेरॉक्स काढून ठेवली नाही म्हणून शनिवारी मी मामाजींना मनात किती बोलले होते.

"ते बंद आहे," मी म्हटलं. "सील झालंय."

"कापता येईल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कडेनं कापा. आतल्या पानांना प्लॅस्टिक लागलेलं नसेल. माझा पुढचा पेशंट आहे, मी त्याला बघते, तुम्ही ह्याच लिंकवर थांबा आणि आतला फोटो अपलोड करा. नसेल तर मग मला नागपूरला बोलवावंच लागेल. अंदाजानं मी लिहून देणार नाही."

पडद्यावर पुन्हा आम्ही तिघं उरलो.

मी कार्ड मामाजींपुढे धरलं. त्यांनी ते घेतलं आणि दोन्ही तळव्यांमध्ये दाबून ठेवलं.

"फाटलं तं?"

"कडेनं कापायचं. कागद मध्येच राहील."

"अन् चिपकून आलं तं? मंग हेही गेलं. हे तं दिसते तरी अजून."

"मामाजी, दिसतंय ते उपयोगाचं नाही."

"तुले काय मालूम. तहसीलात—"

"तहसील नाही हे." मी जरा जोरातच बोलले.

आत्यानं हात पुढे केला. "इकडं द्या. मायी छाती हाय, मी कापते."

मामाजींनी तिला दिलं नाही. मोटारीच्या खोलीतून बियाण्याच्या पिशव्या कापायची कात्री आणली, बाहीनं पुसली आणि खाटेवर गुडघे टेकून बसले. मी फोन बाजूला ठेवला. एक कड कापली. प्लॅस्टिकचा लांब पांढरा धागा खाली पडला. दुसरी कड. रेघ सरळ जात होती. आयुष्यभर वाफे आखलेला हात. तिसरी कड. मग त्यांनी कात्री खाली ठेवली आणि नखानं कार्ड जरासं उचललं.

ते उघडलं. आवाज न करता, जसं सहा वर्षांपूर्वी मिटलं असेल तसंच.

आतली पानं बाहेरच्यापेक्षा पांढरी होती. निळ्या शाईत, घाईच्या इंग्रजी अक्षरात सगळं होतं. मी बोटानं ओळी शोधत गेले. ईसीजी: एलबीबीबी, म्हणजे डावी वाट बंद. अकोल्याच्या कागदावरही हीच चार अक्षरं होती, छापील. पुढे इको, नॉर्मल. खाली सही.

"हाय का?" आत्यानं विचारलं.

"आहे."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मामाजी उठले आणि दोन वाफे पलीकडे जाऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून.

मी सावलीत फोटो काढला, अपलोड केला, हिरवी खूण येईपर्यंत फोन जागचा हलवला नाही. डॉक्टरबाई पंधरा मिनिटांनी परत आल्या. त्यांनी तो फोटो मोठा करून वाचला असावा. बराच वेळ त्यांचे फक्त डोळे हलत होते. स्वतःचंच अक्षर त्या ओळखत होत्या की नाही, मला कळलं नाही.

"म्हणजे हे जुनं आहे," त्या म्हणाल्या. "सहा वर्षांपूर्वीही हेच होतं, इको तेव्हाही चांगला, आताही चांगला. तुम्हाला काही त्रास नाही आणि डोक्यावर ओझं घेऊन तुम्ही सडकेपर्यंत जाता. माझ्या बाजूनं ऑपरेशनला हरकत नाही. अँजिओग्राफीची आत्ता गरज वाटत नाही." मग त्यांनी बोट वर केलं. "पण मी तुमची छाती ऐकलेली नाही. इथून ऐकता येत नाही. भुलीचे डॉक्टर तिथे तुम्हाला तपासतील आणि शेवटचं ते ठरवतील. मी तसं लिहिते. बीपीची गोळी ऑपरेशनच्या दिवशी सकाळी एक घोट पाण्यासोबत घ्यायची, चुकवायची नाही."

इथून ऐकता येत नाही. माझ्या पत्रकातलं वाक्य त्या पडद्यातूनच मला ऐकू येत होतं, आणि ते म्हणणारी बाई माझ्या आत्याला वाचवत होती. दोन्ही खरं होतं. मला ते तेव्हा नीट मांडता आलं नाही, आताही येत नाही.

"नागपूरले नाई ना यावं लागत?" आत्यानं विचारलं.

"फिरायला या."

अर्ध्या तासात पत्र आलं. मेसेजमधल्या लिंकवर, पीडीएफ. वर आत्याचं नाव, वय, तारीख; खाली डॉक्टरबाईंचं नाव, नोंदणी क्रमांक, सही. लिंक काही दिवसांनी बंद होते असं तळाला लिहिलं होतं. मी नुसता स्क्रीनशॉट काढला नाही, पूर्ण फाइल उतरवली. स्क्रीनशॉटमध्ये नेमका नोंदणी क्रमांक कापला जातो. फाइलला आत्याचं नाव आणि तारीख दिली, तिच्या रिपोर्टांसोबत एका फोल्डरमध्ये ठेवली, एक प्रत मेलवर, एक मामाजींच्या फोनवर. मामाजी ती घरच्या ग्रुपवर टाकायला निघाले होते.

"सगळ्यायले समजू दे, धोका नाई म्हणून."

"तोंडानं सांगा. तिच्या छातीचा कागद सगळ्या सोयऱ्यांच्या फोनमध्ये कशाला?"

"हाव," आत्या म्हणाली. "मंग माह्या जावेनं लगनात वाचून दाखवला असता."

दुसऱ्या दिवशी मूर्तिजापूरच्या झेरॉक्सच्या दुकानात दोन प्रिंट काढल्या. दुकानदारानं फाइल त्याच्या फोनवर मागवली. प्रिंट झाल्यावर मी ती त्याच्यासमोर पुसायला लावली. त्याला जरा अपमान वाटला. वाटू दे. मग सवयीनं त्यानं मामाजींना विचारलं, "प्लॅस्टिक?" मामाजींनी त्या गरम रुळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही, आणि म्हणाले, "नको. उघडाच राहू दे. यावर अजून लिहाचं हाय कोणाले तरी."

आणि खरंच होतं. बुधवारी अकोल्यात भुलीच्या डॉक्टरांनी पत्र वाचलं, कापलेलं कार्ड उलटसुलट करून पाहिलं, त्या कापलेल्या कडेबद्दल काहीच विचारलं नाही. मग त्यांनी आत्याला खुर्चीवर बसवून स्टेथोस्कोप लावला. पुढून, मागून. श्वास घ्या. सोडा. पुन्हा घ्या. ती खोली फार स्वच्छ नव्हती, पंखा आवाज करत होता, बाहेर कुणीतरी नंबर पुकारत होतं. पण एका माणसाचा हात दुसऱ्याच्या पाठीवर होता, आणि मला वाटलं, मी एवढंच मागत होते, इतक्या पत्रकांमधून एवढंच. त्यांनी पत्राच्या खाली दोन ओळी लिहिल्या आणि सही केली.

"उद्या सकाळी पहिला नंबर," ते म्हणाले.

गुरुवारी तिला आत नेलं तेव्हा मामाजी जिन्याच्या पायरीवर बसले. मी त्यांच्या बाजूला. ऑपरेशन एवढा वेळ चाललं की वेळ मोजणं थांबलं. दवाखान्याच्या आवारातल्या बोरीखाली कुणीतरी बोरं वेचत होतं आणि एकेक बोर पदराला पुसून चोखत होतं, तेवढंच मला आठवतं. मग सिस्टरनं दार उघडून नाव पुकारलं, आणि सर्जननी एक छोटी प्लॅस्टिकची बाटली मामाजींच्या हातात दिली. आत हिरवट काळे सात-आठ खडे होते, मुगापेक्षा जरा मोठे.

"बरी आहे," ते म्हणाले. "हृदयानं काही त्रास दिला नाही."

संध्याकाळी आत्यानं डोळे उघडले. नजर कुठेतरी भिंतीच्या पलीकडे होती, भुलीतून पूर्ण परत आलेली नव्हती. मामाजींनी बाटली तिच्यासमोर धरून जराशी हलवली. तिनं बराच वेळ त्या खड्यांकडे बघितलं.

"एवढेसेच?" ती म्हणाली.

"एवढेसेच."

"मले वाटलं होतं, लय मोठं असन काही."

मग तिनं हात उजव्या बरगडीखाली नेला, सवयीनं, दाबायला. तिथे पट्टी होती. हात थोडा वेळ त्यावर तसाच राहिला, न दाबता, आणि तिला झोप लागली.